एकच सीव्ही, दोन नावं: टोरांटोतला प्रयोग नेमकं काय मोजतो

प्रश्न: माझा भाऊ टोरांटोत नोकरी शोधतोय. स्वतःच्या मराठी नावाने 30 अर्ज केले तर 2 बोलावणी आली. तोच सीव्ही इंग्रजी नावाने आणखी 30 ठिकाणी पाठवला तर 4 आली. संशोधकही असंच करतात असं वाचलं. मग नावामुळे डावललं जातं हे यातून सिद्ध झालं का? आणि ते लोक हे नेमकं कसं करतात?

उत्तर:

भावाला जे दिसलं त्याची दिशा टोरांटोतल्या अभ्यासांशी जुळते. पण 4 विरुद्ध 2 या आकड्यांनी काहीच सिद्ध होत नाही. नोकरीतला भेदभाव मोजण्याचे असे प्रयोग आखणं हेच माझं काम असल्यामुळे हा प्रश्न माझ्याकडे वेगवेगळ्या रूपांत येत असतो, आणि बहुतेक वेळा तो विचारणाऱ्याचा अनुभव खरा असतो, फक्त त्याने केलेला हिशेब अपुरा असतो.

आधी हिशेबच पाहू. समजा नावाने काडीचाही फरक पडत नाही आणि दोन्ही नावांना दर दहा अर्जांमागे सरासरी एक बोलावणं येतं. अशा संपूर्ण निःपक्षपाती शहरात दोन्ही नावांनी 30-30 अर्ज पाठवले, तर दोन्हीकडे बरोब्बर 3-3 येतील असं नाही. एकदा 5 आणि 2 येतील, एकदा 1 आणि 3. गणित करून पाहिलं तर दोन नावांत 2 किंवा त्याहून जास्त बोलावण्यांचा फरक साधारण निम्म्या वेळा निव्वळ योगायोगाने पडतो. म्हणजे भावाचा निकाल भेदभाव असतानाही येऊ शकतो आणि नसतानाही तितक्याच सहज येऊ शकतो.

मग किती अर्ज लागतात? एका नावाला 100 मागे 16 आणि दुसऱ्याला 11 बोलावणी येत असतील, तर तो फरक योगायोगापासून खात्रीने वेगळा काढायला प्रत्येक नावाचे सातशेच्या वर अर्ज लागतात. हे 16 आणि 11 मी उगाच घेतलेले नाहीत. टोरांटोत मोजलेले आकडे तेच आहेत.

टोरांटो विद्यापीठातले अर्थतज्ज्ञ फिलिप ओरिओपोलोस यांचा हा अभ्यास आधी 2009 मध्ये आणि मग सुधारित रूपात 2011 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांचा मूळ प्रश्न नावांपुरता नव्हता. कॅनडा शिक्षण आणि अनुभवाचे गुण मोजून लोकांना स्थलांतराची परवानगी देतो. मग तीच माणसं तिथे पोचल्यावर नोकरीसाठी का झगडतात, हे त्यांना शोधायचं होतं. त्यासाठी इंटरनेटवरच्या नोकरीच्या जाहिरातींना त्यांनी जवळपास 13 हजार काल्पनिक सीव्ही पाठवले. जाहिराती पदवी आणि काही वर्षांचा अनुभव मागणाऱ्या होत्या: हिशेबनीस, प्रोग्रामर, विक्री, मनुष्यबळ, प्रशासन अशा कितीतरी क्षेत्रांतल्या.

त्यांच्या आराखड्यातली खुबी अशी की सीव्हींची एक उतरंड रचली होती. पहिल्या प्रकारात इंग्रजी नाव, शिक्षण आणि अनुभव कॅनडातला. दुसऱ्यात भारतीय, पाकिस्तानी किंवा चिनी नाव, बाकी सगळं कॅनडातलंच. म्हणजे हा उमेदवार तिथे वाढलेला, तिथेच शिकलेला आणि तिथेच काम केलेला, वेगळं फक्त नाव. तिसऱ्यात नावाबरोबर पदवीही परदेशातली. पुढे अनुभव थोडा परदेशातला, आणि शेवटच्या प्रकारात शिक्षण-अनुभव सगळंच परदेशातलं. एका जाहिरातीला साधारण चार सीव्ही गेले. दोन शेजारच्या पायऱ्यांवरचा फरक पाहिला की नेमक्या कोणत्या गोष्टीपायी बोलावणी कमी झाली ते कळतं.

निकाल असा: पहिल्या पायरीवर 100 अर्जांमागे 16 बोलावणी, दुसरीवर 11, आणि शेवटच्या पायरीवर फक्त 5. नोकरी शोधणाऱ्याच्या भाषेत सांगायचं तर मॅथ्यूला साधारण सहा अर्जांनंतर एक फोन आणि समीरला नऊ अर्जांनंतर, दोघंही टोरांटोतच शिकलेले असताना. माझ्या मते या अभ्यासातली सगळ्यात बोलकी गोष्ट मात्र वेगळीच आहे. इंग्रजी नाव आणि अनुभव ब्रिटनमधला, अशा सीव्हींना पहिल्या पायरीइतकीच बोलावणी आली. म्हणजे 'परदेशातला अनुभव आम्हाला तपासता येत नाही' हे कारण सगळ्या परदेशांना सारखं लावलं जात नव्हतं.

आता हे प्रत्यक्षात कसं करतात ते सांगतो, कारण भावाच्या प्रयोगातली मोठी उणीव आकड्याइतकीच पद्धतीत आहे. त्याने मराठी नावाने 30 ठिकाणी आणि इंग्रजी नावाने वेगळ्या 30 ठिकाणी अर्ज केले. पण कोणती जाहिरात कोणत्या नावाला गेली हे कोणी ठरवलं? त्यानेच. कदाचित आधी मराठी नावाने भारी कंपन्यांत प्रयत्न केला असेल, आणि निराश झाल्यावर इंग्रजी नावाने जरा सोप्या जागांवर. कदाचित मधल्या महिन्यात भरतीचा हंगाम सुरू झाला असेल. फरक नावाचा, जागांचा की दिवसांचा, हे आता कोणालाच वेगळं काढता येणार नाही.

संशोधक इथे स्वतःचा हात पूर्ण बाजूला काढतात. आधी नोकरीच्या संकेतस्थळांवरचे खरे सीव्ही बघून साचे तयार होतात: वेगवेगळी मांडणी, वेगळा अक्षराकार, वेगळी पण तोलामोलाची कामं. एकाच मालकाकडे चार सीव्ही जाणार, ते अगदी जुळे असले तर पहिल्याच दिवशी पितळ उघडं पडेल. आणि साचे वेगळे असले तर त्यातला एखादा मुळातच जास्त आकर्षक असू शकतो. म्हणून कोणत्या साच्यावर कोणतं नाव बसेल हे संगणक चिठ्ठ्या टाकावं तसं ठरवतो. एका जाहिरातीला छान साचा समीरच्या नावाने जातो, दुसरीला तोच मॅथ्यूच्या नावाने. शेकडो जाहिरातींनंतर साच्यांचे गुणदोष दोन्ही नावांत सारखे वाटले जातात आणि उरतो तो फरक नावाचा. तुम्ही प्रश्नात 'तोच सीव्ही' म्हटलंय, ते या अर्थानेच घ्यायचं. कागद हुबेहूब एक नसतो, कोणता कागद कोणाला मिळणार याची संधी सारखी असते.

प्रत्येक नावाला ईमेल पत्ता आणि निरोप ठेवता येईल असा फोन नंबर देतात. मालकाने मुलाखतीला बोलावलं किंवा 'आपण बोलूया' असा निरोप ठेवला की नोंद होते, आणि लगेच नम्रपणे 'मला दुसरीकडे काम मिळालं' असं कळवून त्याचा वेळ वाचवला जातो. ही शेवटची पायरी नीतीच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे. मालकाची संमती घेतलेली नसते, घेता येतही नाही, त्यामुळे त्याचं कमीत कमी नुकसान व्हावं याची जबाबदारी आपली. विद्यापीठाची नीतिसमिती याच मुद्द्यावर सगळ्यात जास्त प्रश्न विचारते आणि ते योग्यच आहे.

नोंदी ठेवताना घोटाळे कुठे होतात? कोणी फोनवर 'तुमचा अर्ज मिळाला, फोन करा' इतकंच बोलतं आणि ना कंपनीचं नाव सांगतं, ना जागेचं. असे निरोप कोणत्या जाहिरातीचे हे लावता येत नाही. कोणी टपालाने पत्र पाठवलं तर ते काल्पनिक पत्त्यावर हरवतं. हे दोन्ही प्रकार दोन्ही नावांना सारखेच लागू असतील तर तुलना बिघडत नाही, पण ते सारखे आहेत की नाही हे नोंदवहीतून तपासावंच लागतं. एखाद्या अभ्यासात 'जुळवता न आलेले निरोप' असा रकानाच नसेल तर मी तो अभ्यास जरा जपून वाचतो.

एकाच जाहिरातीला दोन नावं गेली की हिशेबही वेगळा होतो. एक काल्पनिक उदाहरण घ्या: 100 जाहिराती, प्रत्येकीला दोन अर्ज. 84 ठिकाणी कोणालाच बोलावलं नाही. 6 ठिकाणी दोघांनाही बोलावलं. 7 ठिकाणी फक्त इंग्रजी नावाला, 3 ठिकाणी फक्त भारतीय नावाला. एकूण बघितलं तर 13 विरुद्ध 9. पण नावाबद्दल काही सांगतात त्या फक्त शेवटच्या 10 जाहिराती, कारण बाकी 90 ठिकाणी दोघांना सारखीच वागणूक मिळाली. या 10 मध्ये 7 विरुद्ध 3 हे नाणं दहादा उडवून 7 छापे आल्यासारखं आहे. त्यात नवल नाही. जाहिराती 1000 असत्या आणि तेच प्रमाण टिकून 70 विरुद्ध 30 आलं असतं, तर मात्र योगायोगाची शक्यता जवळजवळ संपली असती. आणखी एक गोष्ट लक्षात घ्या: 3 ठिकाणी भारतीय नाव एकट्याने पुढे गेलं. असं दर प्रयोगात होतं. म्हणून 'मला तर माझ्याच नावाने नोकरी मिळाली' हा अनुभव आणि सरासरीतली दरी, दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं.

नावांची निवड हा या पद्धतीचा सगळ्यात नाजूक भाग. नाव फक्त वंश सांगत नाही, घरची परिस्थितीही सुचवतं. अमेरिकेत मरियान बर्ट्रांड आणि सेंधिल मुलैनाथन यांनी बॉस्टन आणि शिकागोत केलेला, 2004 मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग प्रसिद्ध आहे: एमिली, ग्रेग अशा गोऱ्या वाटणाऱ्या नावांना 9.65 टक्के बोलावणी, लकिशा, जमाल अशा कृष्णवर्णीय वाटणाऱ्या नावांना 6.45 टक्के. त्यावर आक्षेप आला की लकिशा हे नाव ऐकून मालकाच्या मनात काळा रंग येतो की गरीब घर? त्यांनी त्या-त्या नावाच्या मुलांच्या आयांचं शिक्षण जन्मनोंदींतून काढून पाहिलं, आणि दरी त्यातून उलगडत नव्हती. तरीही प्रश्न रास्त होता आणि तेव्हापासून नावं आधी त्रयस्थ लोकांना दाखवून 'हे ऐकून तुम्हाला कोण वाटतं' असं विचारून घेण्याची पद्धत रुळली.

आपल्याकडच्या वाचकाला हे लगेच कळेल. शर्मा आडनाव टोरांटोतल्या मालकाला फक्त 'भारतीय' इतकंच सांगतं. मुंबईत तेच आडनाव जात सांगतं. म्हणून भारतातले प्रयोग वेगळ्या रेषेवर आखावे लागले. सुखदेव थोरात आणि पॉल अटवेल यांनी 2005-06 मध्ये मुंबईसह मोठ्या शहरांतल्या खासगी कंपन्यांच्या वर्तमानपत्री जाहिरातींना उच्चवर्णीय हिंदू, दलित आणि मुस्लिम नावांनी 4808 अर्ज पाठवले. पात्रता सारखी असूनही पुढच्या टप्प्याला जाण्याची शक्यता दलित नावांना उच्चवर्णीय नावांच्या साधारण दोन-तृतीयांश आणि मुस्लिम नावांना एक-तृतीयांश निघाली. तुमच्या भावाचं आडनाव कुलकर्णी असो की कांबळे, टोरांटोत त्याला एकाच रांगेत उभं केलं जातं. इथे तसं नसतं. एका ठिकाणचा आकडा उचलून दुसरीकडे लावू नये तो यासाठी.

आता एका गंभीर टीकेबद्दल, कारण ती समजल्याशिवाय हे आकडे नीट वाचता येत नाहीत. जेम्स हेकमन आणि पीटर सीगलमन यांनी 1990 च्या दशकात ती मांडली. मालक सीव्हीत दिसतं तेवढ्यावर निर्णय घेत नाही, न दिसणाऱ्या गोष्टींचाही अंदाज बांधतो. समजा दोन्ही गटांची सरासरी त्याला सारखीच वाटते, पण एका गटात माणसं फार वेगवेगळ्या कुवतीची असतात असं तो धरतो: काही उत्तम, काही अगदीच सुमार. त्याची बोलावण्याची पातळी उंच असेल आणि सीव्ही मध्यम असेल, तर अशा पसरट गटातले जास्त उमेदवार त्या पातळीच्या वर जातील असा त्याचा हिशेब होईल आणि त्या गटाला जास्त बोलावणी मिळतील. सीव्ही फारच उत्तम असेल तर नेमकं उलट. पसरट गटातलेच जास्त जण पातळीखाली घसरतील. म्हणजे मनात अढी नसतानाही फरक दिसू शकतो, आणि तो कोणत्या दिशेला दिसेल हे संशोधकाने सीव्ही किती दमदार बनवले यावर अवलंबून राहतं. हा दोष जास्त अर्ज पाठवून जात नाही.

डेव्हिड न्यूमार्क यांनी 2012 मध्ये यावर उपाय दिला: एकाच प्रयोगात मुद्दाम कमी-जास्त दमदार सीव्ही पाठवा. दमदारपणा वाढला की दोन्ही नावांची बोलावणी कशी वाढतात ते पाहिलं, तर पसरटपणाचा भाग आणि सरळ डावलण्याचा भाग वेगळा करता येतो. टोरांटोपुरतं माझं मत विचाराल तर या टीकेने तिथली दरी पुसली जात नाही. बोलावणी 100 मागे 16 आहेत, म्हणजे मालकांची पातळी या सीव्हींच्या मानाने उंच आहे. मालक भारतीय नावांच्या गटाला जास्त पसरट मानत असतील तर हेकमन यांच्याच तर्काने त्या नावांना थोडा फायदा व्हायला हवा होता. झालं उलट.

मालक स्वतः काय म्हणतात? ओरिओपोलोस यांनी पुढे डायान डिचीफ यांच्यासोबत टोरांटो, मॉन्ट्रियल आणि व्हँकुव्हर असा प्रयोग केला. इंग्रजी नावांना बोलावणी टोरांटोत 47 टक्के, मॉन्ट्रियलमध्ये 39 टक्के आणि व्हँकुव्हरमध्ये 20 टक्के जास्त. भरती करणाऱ्यांना नाव-गाव गुप्त ठेवून विचारलं तर सगळ्यात जास्त उत्तर आलं ते भाषेचं: परकं नाव दिसलं की इंग्रजी कसं असेल याची शंका येते. हे कारण तपासता येतं आणि 2011 च्या अभ्यासात ते तपासलेलंही होतं. काही सीव्हींवर भाषेवरचं प्रभुत्व स्पष्ट लिहिलं होतं, काहींवर बहुराष्ट्रीय कंपनीतला अनुभव, काहींवर नामांकित विद्यापीठ. दरी कमी झाली नाही. भाषेची शंका हे खरं कारण असतं तर ती शंका फेडणारी ओळ वाचून बोलावणं यायला हवं होतं. ते आलं नाही, यावरून मला दिसतं ते असं की बऱ्याच ठिकाणी डोळे त्या ओळीपर्यंत पोचतच नाहीत. नाव सगळ्यात वर असतं आणि ढीग मोठा असतो.

ही दरी सगळ्या मालकांत सारखी वाटलेली नसते, हेही भावाच्या उपयोगाचं आहे. रूपा बॅनर्जी, जेफ्री राइट्झ आणि ओरिओपोलोस यांनी 2018 मध्ये याच कॅनडातल्या माहितीची कंपनीच्या आकारानुसार फोड केली. पूर्ण कॅनेडियन पात्रता असलेल्या आशियाई नावांना बोलावणी 500 हून जास्त माणसांच्या कंपन्यांत सुमारे 20 टक्के कमी होती, तर लहान कंपन्यांत जवळपास 40 टक्के. मोठ्या कंपनीत सीव्ही एकापेक्षा जास्त जण वाचतात आणि भरतीसाठी वेगळा विभाग असतो, हे त्याचं संभाव्य कारण. अमेरिकेत पॅट्रिक क्लाइन, इव्हान रोज आणि ख्रिस्तोफर वॉल्टर्स यांनी फॉर्च्युन 500 मधल्या 108 कंपन्यांना 80 हजारांहून जास्त अर्ज पाठवले. तिथे कृष्णवर्णीय नावांच्या हुकलेल्या बोलावण्यांपैकी जवळपास निम्मी फक्त पाचव्या हिश्श्याच्या कंपन्यांकडून हुकली होती. एखाद्या कंपनीबद्दल बोलायचं तर त्या एका कंपनीच्याच बऱ्याच जागांवर मिळून शेकडो अर्ज करावे लागतात, आणि ते तिथे पहिल्यांदाच एवढ्या प्रमाणावर जमलं. एका जाहिरातीला चार अर्ज पाठवून त्या मालकावर बोट ठेवता येत नाही.

या पद्धतीच्या कक्षेबाहेर काय राहतं तेही सांगायला हवं. मोजलं जातं ते बोलावणं; मुलाखतीत काय झालं, पगार किती ठरला, बढती मिळाली का, हे नाही. जाहिरात न देता ओळखीतून भरल्या जाणाऱ्या जागा यात येतच नाहीत. भेदभाव त्या टप्प्यांवर जास्त असेल किंवा कमी, 16 आणि 11 त्याबद्दल मुके आहेत.

भावासाठी दोन गोष्टी. खोट्या नावाने खऱ्या नोकरीला अर्ज करणं त्याने थांबवावं. संशोधक बोलावणं आल्याबरोबर माघार घेतात, त्याला मात्र ती नोकरी हवी आहे. पुढे कागदपत्रं तपासताना नावातली तफावत निघाली तर खोटेपणाचा ठपका त्याच्यावर येईल, आणि मग पात्रता असूनही बाजू मांडणं कठीण जाईल. दुसरं म्हणजे त्याचा अनुभव भारतातला असेल, तर त्याच्या वाटेतली मोठी धोंड बहुधा नावाची नाही. 16 वरून 11 हा फरक नावाचा. 11 वरून 5 हा परदेशातल्या शिक्षणाचा आणि त्याहून जास्त अनुभवाचा. ओरिओपोलोस यांच्या उतरंडीत कॅनडातला अनुभव वाढला की बोलावणी वाढत गेली. त्यामुळे कंत्राटी किंवा कमी पदाचं असलं तरी आपल्याच क्षेत्रातलं तिथलं एखादं काम सीव्हीच्या पहिल्या पानावर आणणं त्याच्या हातात आहे, आणि अर्ज करताना मोठ्या कंपन्यांकडे कल ठेवणंही.

'कॅनेडियन अनुभव हवा' अशी अट घालणं हा प्रथमदर्शनी भेदभावच ठरतो, असं धोरण ऑन्टॅरिओच्या मानवी हक्क आयोगाने 2013 मध्येच जाहीर केलं होतं. आता 1 जानेवारी 2026 पासून तिथे 25 किंवा त्याहून जास्त कर्मचारी असलेल्या मालकांना जाहीर केलेल्या नोकरीच्या जाहिरातीत ही अट लिहिता येत नाही. भावाला अशी जाहिरात दिसली तर तिची तारखेसह प्रत जपून ठेवावी आणि प्रांताच्या कामगार मंत्रालयाकडे तक्रार करावी. नावापायी डावललं गेल्याचा संशय एका जागेपुरता सिद्ध करणं जवळजवळ अशक्य असतं. जाहिरातीत छापलेली अट मात्र कागदावरच असते.